बिट उजवीकडे सरकतात तेव्हा

संगणकात पूर्णांक संख्या म्हणजे शून्य आणि एक यांची ठरावीक लांबीची रांग. रांगेतल्या प्रत्येक घराला बिट म्हणतात. बेरीज-वजाबाकी संख्येकडे अखंड पाहते. बिटवाइज ऑपरेटर मात्र घर-घर तपासतात. `&` दोन्ही संख्यांत त्या जागी १ असेल तरच १ देतो, `|` ला एकीकडे १ असला तरी पुरतो, `^` दोन्ही बिट वेगळे असतील तरच १ देतो आणि `~` सगळे बिट उलटे करतो. `<<` रांग डावीकडे सरकवतो आणि मोकळ्या झालेल्या घरांत शून्य भरतो. एक घर सरकवले की संख्या दुप्पट होते, अर्थात उत्तर ठरलेल्या लांबीत मावत असेल तोवरच.

`&` चा सर्वात देखणा उपयोग म्हणजे एखादी संख्या दोनाचा घात आहे का, हे ओळखणे. १, २, ४, ८, १६ अशा संख्यांच्या रांगेत १ एकदाच येतो. अशा संख्येतून एक वजा केला, की हातचा घेत घेत तो एकमेव १ नाहीसा होतो आणि त्याच्या उजवीकडची सगळी शून्ये १ होतात.

```
 8 = 00001000      12 = 00001100
 7 = 00000111      11 = 00001011
 &   00000000       &   00001000
```

८ मध्ये काही उरले नाही, १२ मध्ये एक बिट शिल्लक राहिला. म्हणजे ८ दोनाचा घात आहे, १२ नाही. जावात ही कसोटी अशी लिहितात:

```java
n > 0 && (n & (n - 1)) == 0
```

यातला `n > 0` वगळला तर शून्यही दोनाचा घात ठरते. आतले कंसही आवश्यक आहेत, कारण `==` ची तुलना `&` च्या आधी होते. कंस विसरल्यास जावाचा कंपायलर निदान अडवतो. सी भाषा निमूटपणे वेगळाच हिशेब करते आणि ८ लाही नापास करते.

खरी गुंतागुंत उणे संख्यांपासून सुरू होते. टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत संख्येचे सगळे बिट उलटे करून त्यात एक मिळवला, की तिची उणे जोडीदार मिळते. आठ बिटांत ८ म्हणजे `00001000`, तर -८ म्हणजे `11111000`. सर्वात डावीकडचा बिट १ असेल तर संख्या उणे. ही रांग एक घर उजवीकडे सरकवली तर डावीकडे मोकळ्या झालेल्या घरात काय भरायचे? जावात याची दोन उत्तरे आहेत. `>>` चिन्हाच्या बिटाचीच नक्कल भरतो: `11111100`, म्हणजे -४. `>>>` मात्र डोळे मिटून शून्य भरतो: `01111100`, म्हणजे १२४. जावाचा `int` बत्तीस बिटांचा असल्याने तिथे `-8 >>> 1` चे उत्तर २१४७४८३६४४ येते.

`>>` म्हणजे दोनाने भागाकार, असे सर्रास सांगितले जाते. उणे विषम संख्यांना ते लागू पडत नाही. `-7 / 2` शून्याच्या दिशेने झुकून -३ देतो, तर `-7 >> 1` खालच्या पूर्णांकावर जाऊन -४ देतो. `-1` कितीही वेळा `>>` ने सरकवला तरी `-1` च राहतो. त्यामुळे शून्य येईपर्यंत फिरणारे लूप त्याच्यावर कधीच थांबत नाही.

मग `>>>` हवाच कशाला? याचे उत्तर बायनरी सर्चमधल्या एका चुकीत सापडते. या शोधपद्धतीत यादीचा मध्य `(low + high) / 2` असा काढत. जावाच्या प्रमाण लायब्ररीतही हेच होते, आणि ते लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्यातला दोष जाहीर केला. `low` १५० कोटी आणि `high` २०० कोटी असेल तर बेरीज ३५० कोटी होते. `int` ची मर्यादा मात्र २१४ कोटींच्या आसपास. बेरीज चिन्हाच्या बिटात शिरते आणि -७९४९६७२९६ अशी वाचली जाते. तिचे निम्मे केले की मध्य उणे येतो आणि यादीत उणे जागा नसल्याने प्रोग्राम कोसळतो. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी क्वचितच असत, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे दडून राहिली.

```java
int mid = (low + high) >>> 1;
```

बेरजेचे बिट मुळात बरोबरच असतात, फक्त सर्वात डावीकडचा बिट चिन्ह म्हणून वाचला जातो. `>>>` तो साधा बिट मानून सरकवतो आणि १७५ कोटी हे अचूक उत्तर येते.

जावाच्या `byte` बरोबर मात्र `>>>` वापरताना जपावे लागते. शिफ्टपूर्वी `byte` चा `int` होतो आणि उणे संख्येच्या डावीकडे चोवीस १ भरले जातात. त्यामुळे -८ धरणाऱ्या `b` साठी `(byte)(b >>> 1)` हे १२४ नव्हे, तर -४ देते. वरून आलेले शून्य दूर एकतिसाव्या घरात पडते, जिथे `byte` पोचतच नाही. आधी `b & 0xFF` करून ते चोवीस १ पुसले आणि मग सरकवले, की १२४ मिळतात.