सफारीत चिकटलेला मेनू

वेबपानाची मांडणी एकाच ब्राउझरमध्ये मोडते, तेव्हा ‘पान नीट दिसत नाही’ एवढ्या बग रिपोर्टवर दुरुस्ती होत नाही, कारण ते वाचणाऱ्याच्या पडद्यावर सगळे ठीकच दिसत असते. बिघाड त्याच्याही पडद्यावर घडवून दाखवणे हे रिपोर्टचे खरे काम.

2020 च्या अखेरीस वारंवार दिसलेला एक बिघाड पाहू. मेनूत ‘मुख्यपान’, ‘बातम्या’, ‘संपर्क’ अशा तीन लिंक आहेत. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्या सुट्या दिसतात. सफारीत मात्र ‘मुख्यपानबातम्यासंपर्क’ असा एकच लांबलचक शब्द होतो. रिपोर्टच्या मथळ्यातच हे यावे: ‘सफारी 14.0 मध्ये मेनूतील लिंकमधले अंतर नाहीसे. क्रोम 86 मध्ये 24 पिक्सेल’. आवृत्तीचा आकडा वगळला तर पुढचे सगळे अंदाजावर जाते.

पायऱ्या थोड्या पुरतात. नवी खासगी खिडकी उघडावी, म्हणजे जुनी साठवलेली फाइल आड येत नाही. खिडकी 1200 पिक्सेल रुंद ठेवावी. पान उघडून वरचा मेनू पाहावा. रुंदी सांगायलाच हवी, कारण अरुंद खिडकीत अनेक साइट मेनू लपवतात. स्क्रीनशॉट दोन्ही ब्राउझरचे, त्याच रुंदीचे आणि पूर्ण खिडकीचे असावेत. नुसता मेनू कापून पाठवला, तर रुंदी कळत नाही.

मग पानातले बाकीचे सारे काढून, बिघाड टिकेल एवढेच सीएसएस उरवावे:

```css
.menu {
  display: flex;
  gap: 24px;
}
```

आता कारण दिसते. सफारी 14.0 ला ग्रिड मांडणीतला `gap` कळत होता, फ्लेक्स मांडणीतला नव्हता. त्यामुळे इन्स्पेक्टरमध्ये ही ओळ वैध दिसे, कुठेही खोडलेली नसे. खरी गोम पुढेच आहे: `@supports (gap: 24px)` अशी चाचणीही ‘हो’ म्हणे, कारण ती फक्त गुणधर्म ओळखीचा आहे का ते विचारते, तो कोणत्या मांडणीत चालतो ते नाही. हे रिपोर्टमध्ये लिहिले, तर पुढच्याचा या चाचणीवर वाया जाणारा वेळ वाचतो.

तात्पुरती दुरुस्ती म्हणून `gap` काढून हे घालता येई:

```css
.menu > * + * {
  margin-left: 24px;
}
```

मात्र लिंक दुसऱ्या ओळीत उतरू दिल्या, तर तिथली पहिली लिंक उगाच आत सरकते. एका ओळीच्या मेनूपुरताच हा उपाय चालतो.

‘फक्त सफारीत’ असे लिहिण्याआधी आयफोनवरचे क्रोमही तपासावे. तेव्हा आयफोनवरच्या सर्व ब्राउझरना सफारीचेच वेबकिट इंजिन वापरणे बंधनकारक होते. म्हणून तिथल्या क्रोममध्येही लिंक चिकटत. बिघाड इंजिनचा होता. एप्रिल 2021 मध्ये सफारी 14.1 आले आणि फ्लेक्समधला `gap` तिथेही चालू लागला.