बारशाचं मटण आणि कलम २५

शेंडगाव हे आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं गाव. १८७६ मध्ये डेबूजी झिंगराजी जानोरकर इथे जन्मले. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांच्या मुलीच्या बारशाची गोष्ट इथली शाळकरी पोरंही सांगतात. जातीच्या रिवाजाप्रमाणे पंगतीला दारू आणि मटण हवं होतं, पण डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला.

स्पर्धा परीक्षेच्या आणि एलएल.बी.च्या मुलांना संविधान समजावताना मी याच गोष्टीवरून प्रश्न काढतो. बारशाला बकरं कापायचंच नाही असा कायदा उद्या सरकारने केला, तर तो कलम २५ च्या विरोधात जाईल का? निम्मी मुलं लिहितात, ‘हो, कारण ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.’ उरलेली लिहितात, ‘नाही, कारण ही अंधश्रद्धा आहे.’ एकाने तर मला विचारलं, “सर, मंग गाडगेबाबाईनं धर्मच मोडला म्हना की!” त्याचा प्रश्न बाकीच्यांच्या उत्तरांपेक्षा बरा होता, कारण बारशाची पंगत हा मुळात धर्म आहे की जातीचा रिवाज, ही खरी अडचण त्याने नेमकी पकडली होती.

परंपरा जुनी म्हणून ती धार्मिक, हा पहिला गैरसमज. तो कुठून दूर करायचा, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत २ डिसेंबर १९४८ रोजीच दाखवून दिलं होतं. आपल्याकडे जन्मापासून मरणापर्यंत काहीही धर्माबाहेर राहत नाही, तेव्हा धर्माची व्याख्या मर्यादित ठेवावी लागेल आणि जे मूलतः धार्मिक आहे तेवढंच तिच्यात धरावं लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी मोजमाप लावलं ते ‘मूलतः धार्मिक की ऐहिक’ हे. ‘धर्मासाठी अत्यावश्यक की नाही’ हा प्रश्न वेगळा आहे. उत्तरपत्रिकेत हे दोन प्रश्न एकत्र झाले की पुढचं सगळं बिघडतं.

पहिला प्रश्न कसा सोडवायचा, ते मार्च १९५४ मधल्या दोन निकालांतून कळतं. एक शिरूर मठाचा. हा मठ उडुपीचा, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या शिरूरचा नव्हे. ही चूक मी स्वतः तपासलेल्या वह्यांत पाहिली आहे. दुसरा निकाल दोनच दिवसांनी आला, रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य. दोन्ही न्या. बी. के. मुखर्जी यांनी लिहिले. रतिलाल खटला आपल्याला जास्त जवळचा, कारण त्यात मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० पणाला लागला होता. आजही गावातल्या देवळाचा ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदवायला जातात तो याच कायद्याखाली.

समजा, एखाद्या मठाच्या मालकीचा पानपिंपळीचा मळा आहे. मळा कोणाला कसायला द्यायचा, पैसे कोणत्या बँकेत ठेवायचे, हिशेब कोणी तपासायचा, या ऐहिक बाबी आहेत. कलम २५(२)(क) नुसार त्यांचं नियमन करता येतं, आणि कलम २६(घ) मध्येही मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’च करायचा आहे. पण नैवेद्य कोणता आणि पूजा किती वेळा, हे मात्र त्या संप्रदायाच्या शिकवणीने ठरतं. पूजेला पैसा लागतो म्हणून पूजा व्यापारी होत नाही. रतिलाल प्रकरणात न्यायालयाने नोंदणी, हिशेब तपासणी आणि ट्रस्टकडून घेतली जाणारी वर्गणी कायम ठेवली. मठ-मंदिरांवर थेट धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र रद्द केली, कारण त्यातून सरकारी अधिकारी मठाधिपतीच्या जागी बसला असता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात पारशांच्या मुक्ताद विधीबद्दल न्या. दावर यांनी समाजाची श्रद्धाच प्रमाण मानली होती. रतिलाल निकालाने त्याचाच आधार घेतला. एखादा विधी खरा की खोटा, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम नाही.

मग आज न्यायालयं ‘हे अत्यावश्यक, हे अनावश्यक’ असं का ठरवतात? या वळणावर साताऱ्यात जन्मलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर उभे आहेत. १९६१ च्या अजमेर दर्गा समितीच्या निकालात त्यांनी इशारा दिला, की धर्माच्या नावाने चालणाऱ्या काही प्रथा निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या, बाहेरून चिकटलेल्या असू शकतात आणि त्या गाळून पाहाव्या लागतील. तिथून प्रश्न बदलला. ‘हे धार्मिक आहे का’ याऐवजी ‘हे धर्माला इतकं आवश्यक आहे का, की काढलं तर धर्मच बदलेल’ असं विचारलं जाऊ लागलं. ‘शिरूर मठाने अत्यावश्यक प्रथांची कसोटी घालून दिली’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. शब्द तिथला असला, तरी गाळणी नंतर बसवली गेली. माझं मत विचाराल, तर गजेंद्रगडकरांचा हेतू सुधारकाचा होता, पण त्यामुळे न्यायाधीशाला पोथ्या उघडून बसावं लागलं आणि दावरांनी नेमकं तेच टाळलं होतं.

याच गाळणीमुळे ‘अंधश्रद्धा आहे’ एवढं लिहून गुण मिळत नाहीत. पुरावा काय, हे लिहावं लागतं. गाळणी बसण्याआधीच्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यातही (१९५८) बकरी ईदला गायीचीच कुर्बानी बंधनकारक नाही असं ठरलं, कारण बकरा किंवा उंट हा पर्याय धर्मग्रंथांच्या आधारेच दिसत होता. बारशाच्या बकऱ्याला तर ग्रंथाचा आधारच दाखवता येणार नाही, तो जातीचा रिवाज. म्हणजे तिथे दुसऱ्या प्रश्नापर्यंत जावंच लागत नाही.

आता मला सर्वांत जास्त खटकणारा गैरसमज. धर्माचा कोणताही प्रश्न आला की आधी ही कसोटी लावायची, असं मुलांना वाटतं. तसं नाही. कलम २५ ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींच्या अधीन’ अशाच शब्दांनी सुरू होतं, आणि २५(२)(ख) नुसार हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करता येतो. हे उपकलम आभाळातून पडलेलं नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली, तिच्यात पंजाबराव देशमुख होते आणि पुढे ते संविधान सभेतही बसले. या उपकलमाच्या जोरावर आपल्याकडे १९५६ चा मंदिरप्रवेश कायदा झाला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावं म्हणून विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने याच कायद्याकडे बोट दाखवलं आणि त्याची अंमलबजावणी करणं सरकारचं कर्तव्य असल्याचं सांगितलं. आठवडाभराने, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. पोथी उघडावीच लागली नाही.

त्याच वर्षीच्या हाजी अलीच्या प्रकरणात मात्र ती उघडावी लागली. हा मंदिरप्रवेश कायदा दर्ग्याला लागू नव्हता. दर्ग्याच्या ट्रस्टने २०११-१२ च्या सुमारास स्त्रियांना मजारीच्या गाभ्यात जायला बंदी केली. नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण यांनी त्याविरुद्ध याचिका केली. ट्रस्टचं म्हणणं, पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणं हे इस्लाममध्ये पाप आहे, आणि कलम २६ खाली धार्मिक बाबींचा कारभार आमचा आम्ही पाहू. न्या. कानडे आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांनी २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल दिला. त्यांच्या विचाराचा क्रम उत्तरात तसाच उतरवावा. आधी ट्रस्टने दिलेले कुराण-हदीसचे उतारे तपासले, त्यांतून अशी बंदी सिद्ध होत नव्हती. मग सगळ्यांत बोलकी वस्तुस्थिती समोर आली, की बंदी येईपर्यंत स्त्रिया आत जातच होत्या. काल-परवा सुरू झालेली गोष्ट धर्माचा मूळ गाभा कशी असेल? त्यानंतर ट्रस्टची योजना पाहिली, तिच्यात धार्मिक बाबींवर असे नियम करण्याचा अधिकारच दिलेला नव्हता. या सगळ्यानंतर कलम १४, १५ आणि २५ चा भंग झाल्याचं ठरलं. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथे त्यानेच स्त्रियांना पुरुषांइतकाच प्रवेश देण्याचं मान्य केलं.

या निकालाची मर्यादाही लिहावी. बंदी शंभर वर्षांची असती आणि ग्रंथाचा आधारही मिळाला असता, तर? कसोटी तिथे स्त्रीच्या मदतीला आली नसती. समतेचा हक्क आधी की प्रथा आधी, हा प्रश्न ‘अत्यावश्यक’ या शब्दाने सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

धर्मनिरपेक्षतेबद्दल थोडक्यात. ती १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने आली, असं सर्रास लिहितात. शब्द तेव्हा आला. तत्त्व आधीपासून होतं. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्येच सरन्यायाधीश सिक्री यांनी ते संविधानाच्या मूलभूत चौकटीत मोजलं होतं. १९९४ च्या बोम्मई निकालाने ते पक्कं झालं, आणि उद्देशिकेतला शब्द काढण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली. आपली धर्मनिरपेक्षता म्हणजे राज्याने धर्माकडे पाठ फिरवणं नव्हे, नाहीतर २५(२)(ख) ला अर्थच उरला नसता. दुसरीकडे, कलम २७ नुसार कोणत्याही एका धर्माच्या संवर्धनासाठी खास कर बसवता येत नाही. म्हणून धर्मादाय कार्यालयाची वर्गणी न्यायालयाने ‘फी’ मानली, कर नव्हे. अंतर ठेवायचं पण अन्याय दिसला तर हात घालायचा, असं हे नातं आहे.

शेवटी एक ताजा धागा. १९४९ चा मुंबईचा बहिष्कार-प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात रद्द केला होता. समाजातून काढून टाकण्याचा अधिकार धर्मगुरूकडे असणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, असं बहुमताने म्हटलं. सरन्यायाधीश सिन्हा असहमत होते. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा कायदा केला. पण तो १९६२ चा निकाल अजून चालेल का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. शबरीमलाच्या फेरविचारातून निघालेले व्यापक प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवले गेले होते आणि पुढे ते नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. त्यातला एक प्रश्न हाच आहे, की एखादी प्रथा अत्यावश्यक आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावं, की त्या संप्रदायाच्या प्रमुखाने. वहीत १९६२ चा निकाल लिहिताना त्याच्या शेजारी २०२३ लिहायला विसरू नका.