पात्र लीड कोणती, हे आधी ठरवा

समजा, भद्रावतीचा एक विक्रेता माजरी भागात घराच्या छतावरच्या सोलरची जाहिरात करतो. फेसबुकवर १२,००० रुपये खर्चून १२० चौकश्या आल्या, म्हणजे चौकशीमागे १०० रुपये. बाजारातल्या स्टॉलवर ६,००० रुपयांत २० आल्या, म्हणजे ३०० रुपये. फेसबुक स्वस्त वाटते. पण विक्रीवाले फोन करतात तेव्हा कळते की अनेक जण वेकोलि या कोळसा कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतात. छत कंपनीचे, मग सोलर लावणार कुठे?

म्हणून जाहिरात आणि विक्री या दोघांनी बसून व्याख्या लिहून काढावी: स्वतःचे छत, घरच्यांच्या नावावर वीजमीटर, आणि तीन महिन्यांत बसवायची तयारी. ‘ग्राहक उत्सुक वाटला’ ही अट नको, कारण ती तपासता येत नाही.

या कसोटीवर फेसबुकच्या १५ आणि स्टॉलच्या १२ लीड टिकल्या, तर पात्र लीडचा खर्च अनुक्रमे ८०० आणि ५०० रुपये. चित्रच उलटले.

विक्रीवाल्यांनी दोन दिवसांत होकार किंवा कारणासह नकार नोंदवावा. नुसते ‘फोन उचलला नाही’ म्हणजे अपात्र नव्हे. ती लीड प्रलंबित दाखवावी, नाहीतर विक्रीतली ढिलाई जाहिरातीच्या माथी बसते. ती पुढे पात्र ठरली, तरी चौकशी आली त्याच महिन्यात मोजावी.