हजार किलोमीटर आणि खाडे

वर्षात हजार किलोमीटर चालायचे किंवा धावायचे, तर रोज २.७४ किलोमीटर पुरतात. पण या हिशेबात एकही खाडा धरलेला नाही. आठवड्याला दोन सुट्ट्या आणि आजारपण, प्रवास, पाऊस यांचे दहा दिवस वजा केले, की साधारण २५० दिवस उरतात. मग रोजचे अंतर ४ किलोमीटर होते. ताशी ५ किलोमीटरच्या चालीने ४८ मिनिटे.

आणखी दहा दिवस बुडाले, तर ४० किलोमीटरची तूट पडते. ती दोन-तीन दिवसांत भरून काढायला गेल्यास पोटऱ्या, गुडघे दुखावतात आणि खाडे वाढतात. तीच तूट चालण्याच्या पुढच्या शंभर दिवसांवर वाटली, तर रोज ४०० मीटर, म्हणजे जेमतेम पाच मिनिटे वाढतात. वीसच दिवस उरले असतील, तर मात्र रोज २ किलोमीटर. म्हणून बेरीज दर महिन्याला करावी.