अर्धा वर, अर्धा खाली

चाकणच्या एका व्हेंडरकडून पंपाचं अॅल्युमिनियमचं कव्हर आलं होतं. त्याच्या वक्र पृष्ठभागावर ड्रॉइंगमध्ये सरफेस प्रोफाइल ०.६, सोबत ए, बी, सी अशी तीन डेटम. सीएमएमवर वीस पॉइंट घेतले. सर्वांत जास्त अधिक ०.३१, सर्वांत कमी उणे ०.०५. मी जॉब बाजूला ठेवला.

व्हेंडरचा माणूस समोरच होता. "साहेब, रेंज ०.३६ येते. टॉलरन्स ०.६ आहे. मग रिजेक्ट कसा?"

प्रश्न चुकीचा असला तरी बावळट नाही. पुढे काही चिन्ह नसेल, तर ०.६ ही पट्ट्याची एकूण जाडी असते, आणि तो पट्टा मूळ आकाराच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. म्हणजे अधिक-उणे ०.३. ही मापं पृष्ठभागाशी काटकोनात धरायची, सरळ झेडमध्ये नाही. साठ अंशांच्या उतारावर हेच ०.३ झेडमध्ये ०.६ दिसतं, आणि डायल लावणारा तिथे हमखास फसतो.

आमचा ०.३१ चा पॉइंट पट्ट्याच्या बाहेर गेला होता, एका शतांशाने का होईना. म्हणून रिपोर्टमध्ये रेंज लिहायची नाही. सर्वांत मोठं विचलन घ्यायचं, चिन्ह सोडायचं आणि दुप्पट करायचं: ०.६२. तो आकडा ०.६ शी ताडायचा.

तरी त्याचं ०.३६ कुठून येतं हे मी त्याला दाखवलं. डेटम नसती, तर पट्टा जॉबवर हवा तसा सरकवून बसवता आला असता आणि उत्तर ०.३६ च्या आसपास आलं असतं. इथे डेटमनी पट्टा जागेवर खिळवून ठेवला आहे. आकार चांगला आहे, जागा चुकली आहे. बहुतेक भांडणं इथेच होतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी बेस्ट फिट चालू ठेवलेलं असतं.

सगळा पृष्ठभाग सरासरी ०.१३ ने वर बसला होता. टूल ऑफसेटमध्ये तेवढं खाली घेतलं की अधिक-उणे ०.१८. माल जास्त होता, म्हणून रिवर्कही शक्य होता.

पुढच्या रिव्हिजनमध्ये डिझाइनवाल्यांनी ०.६ पुढे वर्तुळातला यू आणि ०.२ टाकलं. यू-नंतरचा आकडा मालाच्या बाहेरची बाजू सांगतो: अधिक ०.२, उरलेलं उणे ०.४. याचं समान रूप करायचं तर मधली रेघ मूळ आकारापासून ०.१ आत, आणि तिच्याभोवती अधिक-उणे ०.३. पट्टा तेवढाच जाड, फक्त सरकलेला. ऑपरेटरला मी एवढंच सांगितलं: आता मॉडेलवर नाही, ०.१ आत काप. आधीचं ०.१३ धरून ०.२३.