मर्यादा वाढवा, मुदत वाढवा: नव्या घाऊक व्यापाऱ्याकडे उधारी मागताना

पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या मालाचा घाऊक व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला माल देतो, तेव्हा त्याच्या डोक्यात एक साधा हिशेब चालू असतो. वायर, स्विच, एमसीबी अशा मालात त्याला हातात उरतात समजा शंभराला चार रुपये. एका दुकानदाराने चार लाख बुडवले, तर तेवढे पैसे परत मिळवायला त्याला एक कोटीचा माल विकावा लागतो. म्हणून नव्या पार्टीला तो जपून सुरुवात करून देतो: एक लाखाची मर्यादा, पंधरा दिवसांची मुदत. संगणकात मर्यादेचा आकडा भरलेला असतो. तो ओलांडला की बिल बनत नाही आणि माल गोदामातच थांबतो.

आता समोरच्या बाजूचा दुकानदार घेऊ. उदाहरणासाठी संगमनेरातलं इलेक्ट्रिकचं एक दुकान धरू. पुण्याच्या या व्यापाऱ्याकडून दर पंधरा दिवसांनी करासह सव्वा लाखाचा माल घ्यावा, एवढा त्याचा खप आहे. पंधरा दिवसांत पैसे देणं त्याला जड जातं, म्हणून तो फोनवर म्हणतो, “शेठ, पंचेचाळीस दिवस करा.” शेठ हो म्हणतात, पण मर्यादा एक लाखच राहते. दुकानदार खूश होतो आणि तिथेच फसतो. एक लाखाचा माल उचलला की पंचेचाळीस दिवस मर्यादा भरलेली राहते. म्हणजे दीड महिन्यात उधारीवर माल मिळणार एक लाखाचाच, महिन्याला जेमतेम सदुसष्ट हजारांचा. पंधरा दिवसांच्या मुदतीत त्याच मर्यादेवर महिन्याला दोन लाखांचा माल फिरत होता. मुदत तिप्पट झाली आणि उधारीवरची खरेदी एक तृतीयांशावर आली.

म्हणून या दोन मागण्या एकत्रच कराव्यात आणि आकडा खरेदीवरून काढावा. पंचेचाळीस दिवसांत सव्वा लाखाची तीन बिलं होतात, म्हणजे 3 लाख 75 हजार. सगळ्यात जुन्या बिलाचे पैसे देऊन मगच पुढची ऑर्डर टाकायची शिस्त असेल, तर चार लाखांची मर्यादा पुरते. माल आधी आणि पैसे मागून अशी सवय असेल, तर चौथं बिल चढून येणं पाच लाखांवर जातं. पंख्यांचा आणि पाण्याच्या मोटारींचा खप उन्हाळ्यात वाढतो. त्यासाठी कायमची मोठी मर्यादा न मागता, मार्च ते मे तात्पुरती वाढ मागावी. व्यापाऱ्याला ती देणं सोपं जातं, कारण ती कधी उतरणार हे आधीच ठरलेलं असतं.

पंचेचाळीसच दिवस का, याचंही उत्तर तयार हवं. या दुकानाची वर्षाची खरेदी कर सोडून 73 लाख, म्हणजे दिवसाला वीस हजार. दुकानात सरासरी बारा लाखांचा माल पडून असतो, म्हणजे आलेला माल विकायला साठ दिवस लागतात. विक्री दिवसाला पंचवीस हजार आणि वायरमन, ठेकेदार यांच्याकडे अडकलेली उधारी पाच लाख, म्हणजे आणखी वीस दिवस. मालात घातलेला रुपया गल्ल्यात परत यायला ऐंशी दिवस लागतात. त्यातले पंचेचाळीस दिवस व्यापाऱ्याने सांभाळावेत आणि उरलेले पस्तीस दिवस दुकानदार स्वतःच्या भांडवलावर काढेल, असा हा प्रस्ताव आहे. नव्वद दिवस मागणारा दुकानदार स्वतःचा एक पैसाही घालत नाही, हे व्यापारी लगेच ओळखतो.

या आकड्यांना आधार म्हणून चार कागद पुरतात: बारा महिन्यांची जीएसटीआर-3बी विवरणपत्रं, बँकेचा सहा महिन्यांचा खातेउतारा, सध्याच्या दोन पुरवठादारांकडचे खातेउतारे आणि गिऱ्हाइकांकडच्या येण्याची दिवसांनुसार यादी. यातले पुरवठादारांचे उतारे सगळ्यात बोलके असतात. व्यापारी त्यात उलाढालीच्या आधी तारखा बघतो. 5 तारखेच्या बिलाचे पैसे नेमके किती दिवसांनी आले? रक्कम बिलाबरहुकूम आहे, की पन्नास हजार, तीस हजार अशी गोल? गोल रकमा ‘खात्यावर’ भरणाऱ्याकडे जुनी बिलं तुंबलेली असतात, असा बाजाराचा अनुभव आहे. जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर भरली की नाही, हे तर त्याला तुमच्या जीएसटी क्रमांकावरून पोर्टलवर स्वतःच दिसतं. त्यामुळे एखादा महिना उशीर झाला असेल, तर कारण आपणच आधी सांगावं.

पत्र एका पानाचं असावं. मुख्य मजकूर असा चालेल:

“आपल्याकडून गेले चार महिने माल घेत आहोत. सर्व बिले मुदतीत चुकती केली आहेत. आमची आपल्याकडील अपेक्षित खरेदी महिन्याला अडीच लाख रुपये आहे. त्यासाठी पहिले तीन महिने 30 दिवसांची मुदत व अडीच लाखांची मर्यादा, आणि व्यवहार समाधानकारक वाटल्यास त्यानंतर 45 दिवसांची मुदत व चार लाखांची मर्यादा मिळावी, ही विनंती. मुदत बिलाच्या तारखेपासून धरावी. पैसे बिलवार, बँकेतून जमा करू. कोणतेही बिल मुदतीपेक्षा सात दिवस जास्त थकल्यास आपण माल थांबवावा, ही अट आम्हाला मान्य आहे.”

शेवटच्या वाक्याला वजन आहे. आपलं नुकसान कुठे थांबवता येईल, हे त्यातून व्यापाऱ्याला कळतं. ‘बिलाच्या तारखेपासून’ हे शब्दही लिहायलाच हवेत. एकाने बिलापासून आणि दुसऱ्याने माल पोचल्यापासून दिवस मोजले, की पहिल्याच महिन्यात वाद होतो.

व्यापारी बदल्यात तारण म्हणून चेक मागू शकतो. सही केलेला कोरा चेक देऊन मोकळं होऊ नये. रक्कम दुसऱ्याने भरली तरी असा चेक न वटल्यास कलम 138 खाली जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. चेक द्यायचाच असेल, तर त्याचा क्रमांक, कमाल रक्कम आणि ‘तारणासाठी’ हे कारण लिहिलेल्या पत्रावर व्यापाऱ्याची पोच घ्यावी.

मुदतीला कायद्याचीही चौकट आहे. पुरवठादार स्वतः उत्पादक असून सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाता येत नाही आणि करार नसेल तर पंधराच दिवस मिळतात. ही मुदत चुकवली, तर 2023 च्या वित्त कायद्याने आणलेल्या तरतुदीमुळे त्या खरेदीची वजावट पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. मात्र बिलापासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते.

सगळ्यात शेवटी रोख सूट, म्हणजे बाजाराच्या भाषेत सीडी. सात दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट मिळत असेल आणि ती सोडून पंचेचाळीस दिवस घेतले, तर अडतीस दिवसांसाठी 98 रुपयांवर दोन रुपये मोजले. वर्षाला हा दर जवळपास वीस टक्के पडतो. बँकेचं कॅश क्रेडिट अकरा-बारा टक्क्यांनी मिळत असेल, तर तिथून पैसे उचलून रोखीत माल घेणं स्वस्त पडतं. म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी व्यापाऱ्याला सीडी किती, हे विचारून घ्या. उत्तर दोन टक्के आलं आणि बँकेत मर्यादा शिल्लक असेल, तर वाढीव उधारी हंगामापुरतीच मागा.