‘चार्ज फक्त ५९०’ : नागपूरहून जर्मनीला पैसे पाठवताना नेमके किती गेले?

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना आकड्यांत माझी थोडी गडबड झाली होती, ती इथे नीट केली आहे.

गोष्ट आमच्याच घरची आहे. माझ्या लहान बहिणीला जर्मनीत मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली. तिकडच्या स्टुडंट व्हिसासाठी एक ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडावं लागतं. वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच त्यात भरायचा आणि मग तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय पैसे भरल्याचं कन्फर्मेशन लेटर मिळत नाही, आणि ते लेटर नसेल तर व्हिसाची फाइल अर्धवट.

बाबांनी एफडी मोडली आणि आमच्या नेहमीच्या बँकेत गेले. घरी येऊन म्हणाले, "अरे, काही जास्त नाही लागलं. चार्ज फक्त पाचशे नव्वद. पाचशे फी अन् वर जीएसटी." मीही मान डोलावली. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा मी, पण घरातल्या बारा लाखांच्या ट्रान्सफरकडे पाहिलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. "दादा, ११,८८६ च आले रे. अठरा कमी आहेत." व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. तेव्हा कुठे मी बँकेचा कागद घेऊन बसलो.

आता हिशेब. तो डोक्यात बसावा म्हणून त्या दिवसाचा मिड-मार्केट रेट सरळ १०० रुपये धरतो आणि बाकीचे आकडेही त्याच प्रमाणात बसवतो. मिड-मार्केट रेट म्हणजे काय? मोठ्या बँका एकमेकींकडून परकीय चलन घेतात त्याचा एक भाव असतो आणि विकतात त्याचा दुसरा. त्या दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे हा रेट. गुगलवर युरो-रुपया टाकलं की दिसतो तो साधारण हाच. अधिकृत आकडा हवा असेल तर एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. या भावाला तुम्हा-आम्हाला युरो मिळत नाहीत. पण मोजपट्टी म्हणून तोच वापरायचा, कारण त्यात कोणाचाच नफा मिसळलेला नसतो.

बाबांना लागलेला रेट होता १०२.४०. बँकेच्या बोर्डावर सकाळी जी भावांची यादी लागते तिला ‘कार्ड रेट’ म्हणतात. त्यातला ‘टीटी सेलिंग’ हा रकाना आपला, कारण बँक आपल्याला युरो विकत असते. (‘टीटी बाइंग’ बघून खूश होऊ नका, तो बाहेरून पैसे येतात तेव्हाचा.) कार्ड रेट सकाळी ठरतो आणि दिवसभरात बाजार हलला तरी बँकेला तोटा होऊ नये म्हणून त्यात आधीच जागा ठेवलेली असते. इथे ती जागा प्रत्येक युरोमागे २ रुपये ४० पैसे होती. ऐकायला किरकोळ वाटते. पण ११,९०४ ने गुणा: २८,५७० रुपये. ‘फक्त ५९०’ च्या शेजारी हा आकडा कोणीच लिहून दिला नव्हता, कारण तो फी नाहीच. तो रेटच्या आत लपलेला मार्जिन आहे.

त्यावर आणखी एक ओळ होती, १,०२९ रुपयांची. हा चलन बदलण्यावरचा जीएसटी, आणि यावर कोणाशी भांडू नका. तो मार्जिनवर लागत नाही, एकूण रुपयांच्या रकमेवर सरकारने ठरवलेल्या सूत्राने निघतो. दहा लाखांच्या वर रक्कम असेल तर सेवेची किंमत ५,५०० रुपये अधिक दहा लाखांवरच्या रकमेचा ०.१ टक्का अशी धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. आमची रक्कम झाली १२,१८,९७०, म्हणून तो आकडा. कुठूनही पाठवा, हा खर्च जवळपास तेवढाच येतो. त्यामुळे तुलना करताना त्यात वेळ घालवू नका.

राहिले ते हरवलेले अठरा युरो. आपल्या बँकेचे पैसे सरळ जर्मनीतल्या बँकेत जातीलच असं नसतं. मध्ये एखादी करस्पॉन्डंट बँक असते आणि ती आपली मजुरी चालत्या रकमेतूनच कापून घेते. पाठवताना फॉर्मवर तीन पर्याय असतात. `OUR` म्हणजे सगळे चार्जेस पाठवणारा भरणार, `SHA` म्हणजे इकडचे आपण आणि वाटेतले व तिकडचे घेणाऱ्याच्या रकमेतून, आणि `BEN` म्हणजे सगळंच घेणाऱ्याच्या माथी. बाबांच्या फॉर्मवर `SHA` वर टिक होती. कोणी केली, कोणालाच आठवत नाही. पैसे कुठे अडकले किंवा कापले गेले ते बघायचं असेल तर बँकेकडून स्विफ्ट कॉपी मागा, त्यात हा कोड स्पष्ट दिसतो. `OUR` ला इकडे जास्त फी पडते, आणि काही मार्गांवर तरीही थोडे कापले जातात. म्हणून ‘पूर्ण रक्कम पोचेल का?’ हे आधीच विचारून, जमल्यास लेखी घ्या.

म्हणजे खर्च मोजायचं सूत्र एवढंच:

```
खरा खर्च = खात्यातून गेलेले एकूण रुपये − (पोचलेले युरो × मिड-मार्केट रेट)
```

‘पोचलेले’ या शब्दावर लक्ष द्या, ‘पाठवलेले’ नाही. आमच्या खात्यातून गेले १२,२०,५८९. पोचलेल्या ११,८८६ युरोंची मिड-मार्केटने किंमत ११,८८,६००. खर्च ३१,९८९, म्हणजे जवळपास २.७ टक्के. यातले ५९० तेवढे बाबांना सांगितले होते.

इथे कोणीतरी म्हणेल, टीसीएस विसरलास. विसरलो नाही, मुद्दाम बाहेर ठेवला. एप्रिल २०२५ पासून, एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली रक्कम दहा लाखांच्या वर गेली तर वरच्या भागावर टीसीएस कापतात. २०२५-२६ मध्ये स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलं तर तो ५ टक्के होता, आणि मान्यताप्राप्त संस्थेचं एज्युकेशन लोन असेल तर शून्य. आमचे १०,९४९ कापले गेले. पण हा पैसा बाबांच्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो. काही महिने अडकतो, जात नाही. म्हणूनच पाठवताना खात्यात तेवढी शिल्लक हवी, पण दोन पर्यायांची तुलना करताना हा आकडा दोन्हीकडून काढून टाकायचा.

तर, अठरा युरो कमी. परत पाठवायचे. पण गंमत बघा, `SHA` ने अठरा पाठवले तर वाटेत अठरा कापले जाऊन तिकडे शून्य पोचणार! घाईत दुसरा मार्ग शोधायला वेळ नव्हता, म्हणून पन्नास पाठवले. रेटने ५,१२०, फी ५९०, आणि जीएसटीला किमान मर्यादा असते म्हणून ४५. एकूण ५,७५५ रुपये घालवून बहिणीच्या खात्यात ३२ युरो पडले. व्हिसाची फाइल मात्र वेळेत पूर्ण झाली.

यानंतर मी दोन ऑनलाइन सेवांचे भाव एकाच दुपारी, पाच मिनिटांच्या आत काढले. एकाच वेळी काढणं महत्त्वाचं आहे, कारण सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक घेतला तर आपण बाजाराची हालचाल मोजतो, मार्जिन नाही. शनिवार-रविवारीही नका काढू. बाजार बंद असतो, त्यामुळे सोमवारी भाव वर गेला तर म्हणून मार्जिन वाढवून ठेवतात. दोन्ही सेवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकेमार्फतच पैसे पाठवत होत्या, आणि दोघांनी पूर्ण रक्कम पोचेल असं लिहून दिलं होतं.

पहिलीची जाहिरात मोठ्या अक्षरात: ‘शून्य फी’. रेट १०१.५०. दुसरीची फी जीएसटीसकट १,७७०, रेट १००.६०. आपला हात साहजिकच पहिलीकडे जातो ना? ११,९०४ युरोंसाठी पहिलीचा मार्जिन होतो १७,८५६. दुसरीचा ७,१४२, त्यात फी मिळवली तरी ८,९१२. शून्य फीवाली जवळपास नऊ हजारांनी महाग!

पण म्हणून दुसरीच कायम चांगली असंही नाही. मार्जिन रकमेबरोबर वाढतो, फी जागच्या जागी राहते. दोघींच्या रेटमध्ये फरक ९० पैशांचा. १,७७० ला ०.९० ने भागा, उत्तर येतं साधारण १,९७० युरो. त्याहून कमी पाठवायचे असतील तर शून्य फीवाली स्वस्त, जास्त असतील तर फीवाली. तुमच्या दिवशीचे भाव वेगळे असतील, पण भागाकार हाच.

आणि बँकेलाच पाठवायचं असेल तर कार्ड रेटवर गप्प बसू नका. रक्कम मोठी असेल तर शाखा ट्रेझरीला फोन करून ‘डील रेट’ घेऊ शकते. तो कार्ड रेटपेक्षा बरा मिळू शकतो, फक्त मागावा लागतो. विचारताना "चार्ज किती?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ५९० च येणार. विचारायचं असं: "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे किती युरो पडतील?" अजून एक, रेट कोणत्या क्षणाचा लागणार तेही विचारा. फॉर्म ए-टू, पॅन किंवा ॲडमिशन लेटर यातलं काही राहिलं तर काम उद्यावर जातं आणि रेटही उद्याचा लागतो.

परवा बहिणीने सेमिस्टर फीसाठी ३०० युरो मागितले. या वेळी बाबांनीच फोन उघडला आणि दोन्ही सेवांचे आकडे कागदावर मांडले. शून्य फीवालीचा मार्जिन ४५०, दुसरीचा १८० अधिक १,७७०. चष्मा वर करून म्हणाले, "या वेळेस फुकटवालीच बरी रे." मी मिड-मार्केट रेट एकदा परत बघितला, बरोबर होता.